कर्जमाफीचा शब्द आणि कोर्टाचा तराजू : करार नसताना दिलेला शब्द कधी बांधतो?

पुसद : मार्च जवळ आला की सेवा सहकारी सोसायटीच्या ओट्यावर एकाच गोष्टीची चर्चा असते. पीक कर्ज भरायचं, नवं-जुनं करायचं, का थांबायचं? थांबणाऱ्याचं म्हणणं सरळ असतं. सरकारनं कर्जमाफीचा शब्द दिला आहे, मग आज भरून उद्या पस्तावायचं कशाला? आणि उद्या सरकारनं शब्द फिरवला तर? तेव्हा कोणीतरी हमखास म्हणतो, "कोर्टात जाऊ. भर सभेत बोलले आहेत, मोबाईलमध्ये व्हिडिओ आहे."

हा व्हिडिओ कोर्टात किती चालेल, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कागदावर करार नाही, स्टॅम्प नाही, सही नाही. तरीही समोरच्यानं दिलेल्या शब्दावर विसंबून माणूस काही करून बसला, तर निव्वळ न्याय म्हणून कोर्ट तो शब्द पाळायला लावू शकतं. असे निकाल आपल्या देशात झाले आहेत आणि त्यातला एक मोठा खटला मुंबईचा आहे. पण हा न्याय कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, यात बारीक फरक आहे. तो कळला नाही तर कास्तकार चुकीच्या भरवशावर बसतो.

आधी शब्द काय दिला गेला ते पाहू. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीनं शेतकऱ्यांना कर्जमाफीचं आश्वासन दिलं. सरकार आलं. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामतीत स्पष्ट सांगितलं की ३१ मार्चच्या आत पीक कर्ज भरा. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली नागपुरात मोठं आंदोलन झालं. मुंबईत बैठक झाली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं जाहीर केलं. प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. म्हणजे दीड वर्षाच्या आत एकाच विषयावर तीन प्रकारची वाक्यं झाली : 'देऊ', 'भरा' आणि 'निर्णय घेऊ'. कोर्टाच्या दृष्टीनं या तिन्हींचं वजन वेगवेगळं आहे.

क्रॉफर्ड मार्केटची गोष्ट

मुंबईला गेलेल्या बहुतेकांनी क्रॉफर्ड मार्केट पाहिलं असेल. आज त्याचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. या मंडईची जमीन हाच त्या खटल्याचा विषय.

१८६५ साल. मुंबईत इंग्रज सरकार होतं आणि शहराचा कारभार पाहणारे आयुक्त होते आर्थर क्रॉफर्ड. सरकारला काही जुन्या बाजारांची जागा मोकळी करून हवी होती. त्यांनी नगरपालिकेला बाजार हलवायला सांगितलं. आयुक्तांनी बदल्यात दुसरी जागा मागितली. सरकारनं ठराव करून नवी जागा मंजूर केली आणि त्याच ठरावात नमूद केलं की या जागेचं भाडं घेऊ नये असं सरकारला वाटतं, कारण मंडई ही इतर सार्वजनिक इमारतींसारखी सगळ्या लोकांच्या फायद्याची आहे.

एवढाच तो शब्द. सरकारी जमीन द्यायची तर तेव्हाच्या कायद्याप्रमाणे रीतसर दस्त करावा लागत होता. तो काही झाला नाही. पण नगरपालिकेनं ठरावावर विश्वास ठेवला, जुने बाजार सोडून दिले आणि नव्या जागेवर मंडई उभी केली. ती बांधण्यावर आणि सांभाळण्यावर मिळून सुमारे १७ लाख रुपये खर्च झाले. ते त्या काळचे १७ लाख होते.

सत्तर-पंचाहत्तर वर्षं कोणी काही बोललं नाही. मग १९४० मध्ये मुंबईच्या कलेक्टरनं या जमिनीवर सारा लावला. सुरुवातीला वर्षाला ७,५०० रुपये आणि पुढे टप्प्याटप्प्यानं वाढत पन्नास वर्षांत ३० हजार रुपये. महापालिका कोर्टात गेली. सरकारचा युक्तिवाद असा की रीतसर दस्तच नाही, म्हणजे जमीन दिलीच नाही, म्हणजे सारा माफ असल्याचा प्रश्नच येत नाही. कागदाचा विचार केला तर सरकारचं बरोबर होतं. पण हायकोर्टानं निकाल महापालिकेच्या बाजूनं दिला. कलेक्टर सुप्रीम कोर्टात गेले आणि १९५१ मध्ये तिथंही हरले.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण अनेकजण हा निकाल अर्धवट सांगतात. सुप्रीम कोर्टातले सगळे न्यायमूर्ती एका वाटेनं गेले नाहीत. न्यायमूर्ती दास यांचं म्हणणं होतं की दस्त नसला तरी महापालिकेनं सत्तरपेक्षा जास्त वर्षं उघडपणे, हक्कानं, भाडं न देता ताबा ठेवला, त्यामुळे बिनभाड्यानं मंडई चालवायचा हक्क तिला मिळाला. आपल्याकडं शेताच्या भांडणात जो कब्जा-वहिवाटीचा मुद्दा येतो त्याच्याच जवळचा हा मुद्दा. न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर यांनी मात्र थेट शब्दालाच हात घातला. पुढे भाडं घेणार नाही असं नुसतं वचन दिलं असलं तरी या परिस्थितीत सरकार त्या वचनाला बांधलेलं आहे, कारण प्रामाणिकपणा आणि भरवसा टिकवणं हे कोर्टाचं कामच आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांना हे पटलं नाही. त्यांनी विरोधात मत नोंदवलं.

म्हणजे न्यायाच्या मुद्द्यावर शब्द पाळायला लावणं तेव्हाही सर्वमान्य नव्हतं. ते पक्कं व्हायला पुढे सत्तावीस वर्षं लागली.

यात नेमकं काय होतं ज्यामुळे महापालिका जिंकली? सरकारनं स्वतः सांगितलं की जुनी जागा सोडा. ठराव सरकारचा होता, एखाद्या अधिकाऱ्यानं चहा पिताना केलेलं बोलणं नव्हतं. भाड्याबद्दलचं वाक्य स्पष्ट होतं. आणि महापालिकेनं अशी गोष्ट केली जी परत फिरवता येत नव्हती. जुने बाजार गेले ते गेलेच, पैसा दगड-विटांत गेला. हीच मापं घेऊन पुढचे सगळे खटले तोलले गेले.

बातमी वाचून चिठ्ठी लिहिणारा कारखानदार

दुसरा खटला महाराष्ट्रातला नाही, उत्तर प्रदेशातला आहे. पण मोबाईलवर बातमी वाचून निर्णय घेणाऱ्यांसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स नावाच्या कंपनीला कानपूरला वनस्पती तुपाचा कारखाना काढायचा होता. १० ऑक्टोबर १९६८ ला पेपरात बातमी आली की नव्या कारखान्यांना राज्य सरकार तीन वर्षं विक्रीकर माफ करणार.

कंपनीनं काय केलं हे बघण्यासारखं आहे. बातमी आली म्हणून लगेच मशिनरी मागवली नाही. दुसऱ्याच दिवशी, ११ ऑक्टोबरला, उद्योग संचालकांना पत्र लिहिलं की ही सूट आम्हाला मिळेल या भरवशावर आम्ही कारखाना काढायचं ठरवतो आहोत. १४ ऑक्टोबरला संचालकांचं उत्तर आलं की होय, सूट आहे. तरी कंपनी थांबली नाही. डिसेंबरमध्ये मुख्य सचिवांना भेटली, त्यांच्याकडूनही लेखी मागितलं. २३ जानेवारी १९६९ ला मुख्य सचिवांच्या कार्यालयाकडून पत्र आलं की उत्पादन सुरू झाल्यापासून तीन वर्षं विक्रीकरातून सूट मिळेल. त्यानंतर कर्ज काढलं, यंत्रं मागवली, कारखाना उभा केला.

सरकारनं मधेच विचार बदलला. पूर्ण सूट नाही, थोडी सूट देऊ म्हणालं. कंपनीनं तेही मान्य केलं. २ जुलै १९७० ला कारखाना सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये ती थोडी सूटही रद्द झाल्याची बातमी आली.

हायकोर्टात कंपनी हरली. सुप्रीम कोर्टात १२ डिसेंबर १९७८ ला न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी निकाल फिरवला. सरकारचा मुख्य मुद्दा घटनेच्या कलम २९९ चा होता. सरकारच्या वतीनं करार करायचा तर तो राज्यपालांच्या नावे आणि अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीनं व्हावा लागतो. तसा करार इथं नव्हता. कोर्ट म्हणालं, करार नसला तरी सरकारनं स्पष्ट वचन दिलं, समोरचा त्यावर विसंबेल हे माहीत असताना दिलं आणि तो खरंच विसंबून वागला, तर सरकारला ते पाळावं लागेल. नुकसान झालं हे दाखवायचीही गरज नाही. शब्दावर विसंबून माणसानं आपली स्थिती बदलली, एवढं पुरे. वकील मंडळी याला प्रॉमिसरी इस्टॉपेल म्हणतात, मराठीत वचन-विबंध. पुरावा कायद्यातलं जुनं कलम ११५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम १२१, हे झालेल्या गोष्टींबद्दल दिलेल्या हमीचं आहे. पुढच्या काळाबद्दलचं वचन त्यात नीट बसत नाही. ती फट कोर्टानं न्यायबुद्धीनं भरून काढली.

हा नियम फक्त मंत्रालयाला लागू नाही. उल्हासनगरच्या नगरपालिकेनं कारखान्यांना सात वर्षं जकात माफीचा शब्द दिला होता. त्या जोरावर कारखान्यांचा भाग तिच्या हद्दीत राहिला आणि नंतर नगरपालिकेनं जकात लावली. सेंच्युरी मिलच्या त्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सार्वजनिक संस्थाही व्यक्तीइतक्याच आपल्या शब्दाला बांधलेल्या असतात. म्हणजे ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांनाही हे मोजमाप लागतं.

मग कर्जमाफीचं काय?

आता हीच मापं पुसदच्या कास्तकाराला लावून बघू.

पहिलं माप, शब्द कोणी दिला? जाहीरनामा पक्षाचा असतो, सरकारचा नाही. निवडणुकीआधी बोलणारा माणूस तेव्हा सरकारच्या वतीनं बोलत नसतो. म्हणून जाहीरनाम्यातलं आश्वासन घेऊन कोर्टात जाणं जवळपास वायाच. तमिळनाडूत २०१६ च्या निवडणुकीनंतर कर्जमाफी आली ती फक्त अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. बाकीच्या शेतकऱ्यांनी भांडून मद्रास हायकोर्टाकडून सगळ्यांना लागू करण्याचा आदेश मिळवला. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द केला. माफी कोणाला द्यायची याची रेषा सरकार आखू शकतं, असं ठरलं.

दुसरं माप, शब्द किती स्पष्ट आहे? कानपूरच्या पत्रात 'विक्रीकर, पूर्ण, तीन वर्षं, उत्पादनापासून' इतकं नेमकं होतं. 'अमुक तारखेपर्यंत निर्णय घेऊ' या वाक्यात किती लाखांपर्यंत, कोणत्या तारखेची थकबाकी, कोणत्या बँका, काहीच नाही. नीट वाचलं तर ते कर्ज माफ करण्याचं वचनच नाही, ते ठरवण्याचं वचन आहे. सरकारनं त्या तारखेला "पाच एकरांपर्यंत" किंवा "पन्नास हजारांपर्यंत" असं काही ठरवलं तरी शब्द मोडला असं कोर्टाला म्हणता येणार नाही.

मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत बोललेलं सरकारचं वचन होतं का, यावर दिल्लीत एक खटला झाला आहे. २९ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागल्यावर, अरविंद केजरीवाल यांनी जाहीर केलं की गरीब भाडेकरूंना भाडं देता आलं नाही तर सरकार भरेल. जुलै २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी म्हटलं की असं वचन अंमलात आणण्याजोगं आहे आणि सरकारनं त्यावर सहा आठवड्यांत निर्णय घ्यावा. दोनच महिन्यांत त्याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं त्याला स्थगिती दिली. तेही प्रकरण भाडेकरूच्या थेट खिशाचं होतं. त्यामानानं आपल्या कर्जमाफीचं वाक्य कितीतरी सैल आहे.

तिसरं माप सगळ्यात जास्त नडतं. माणसानं काय केलं? क्रॉफर्ड मार्केटमध्ये सरकारनं जागा सोडायला सांगितली म्हणून नगरपालिकेनं सोडली. कर्ज भरू नका असं सरकारनं कोणाला सांगितलं? उलट अर्थमंत्र्यांनी भरा म्हणून सांगितलं होतं. आणि कर्ज सरकारचं नाही, बँकेचं आहे. यवतमाळ जिल्हा मध्यवर्ती बँक असो की राष्ट्रीयीकृत बँक, तिनं माफीचा शब्द दिलेला नाही. शब्द एकाचा आणि येणं दुसऱ्याचं. सरकारच्या शब्दाचा दाखला देऊन बँकेची वसुली थांबवता येत नाही. हा मुद्दा गावात कुठल्याच चर्चेत येत नाही, पण थकबाकीदाराची नोटीस मात्र बँकेकडूनच येते.

थांबण्याची किंमत काय पडते त्याचं एक साधं गणित. समजा एका कास्तकारावर एक लाखाचं पीक कर्ज आहे. वेळेत भरलं तर केंद्राची सूट आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून तीन लाखांपर्यंतचं कर्ज शून्य टक्क्यानं पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. सात टक्क्यांनीच धरलं तरी वर्षाचे सात हजार अंगावर बसतात, पुढचा दर त्याहून चढा. पण खरा फटका वेगळाच आहे. थकीत झाल्यावर जूनमध्ये नवं कर्ज मिळत नाही. मग बी-खतासाठी सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्यानं एक लाख घेतले तर तूर-कापूस निघेपर्यंतच्या आठ महिन्यांत २४ हजार रुपये व्याज होतं. माफी आली तर हे सगळं भरून निघेल कदाचित. नाही आली तर हे ३१ हजार कोणतंही कोर्ट सरकारकडून वसूल करून देणार नाही.

थांबणाऱ्याला मूर्ख म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. २०१७ च्या योजनेत ३० जून २०१६ ला थकीत असलेल्यांचं दीड लाखापर्यंत माफ झालं आणि नियमित भरणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजार मिळाले. २०१९ च्या महात्मा फुले योजनेतही ३० सप्टेंबर २०१९ च्या थकबाकीदाराला दोन लाखांपर्यंत माफी होती. नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांचं प्रोत्साहन जाहीर झालं, पण ते हातात पडायला २०२२ उजाडलं. दोनदा असा अनुभव आल्यावर नवं-जुनं करणाऱ्याच्या मनात चलबिचल होणारच. सरकारनंच लोकांना थांबायला शिकवलं असं कोणी म्हटलं तर ते खोटं नाही. फक्त, त्या शिकवणीला कोर्टात वचन म्हणत नाहीत.

शासन निर्णय निघाला की मात्र चित्र पालटतं. जीआर हा सरकारचा लेखी शब्द असतो. त्यात रक्कम असते, तारीख असते, कोण पात्र आणि कोण नाही हे असतं. त्यातल्या अटींत बसणाऱ्या कास्तकाराचं नाव यादीतून गळलं, आधार जुळला नाही किंवा बँकेनं माहितीच पाठवली नाही म्हणून पैसे अडले, तर त्याला न्यायाची भीक मागायची गरज नाही. तो जीआरवरच हक्क सांगू शकतो.

गावातल्या गावात

सरकारचा शब्द सोडून गावातल्या शब्दाकडे वळलं तर हा नियम जास्त कामाचा आहे, कारण इथं एक जुना कायदाच मदतीला आहे.

उदाहरण घेऊ. दोन शेजाऱ्यांची वावरं लागून आहेत. एकाची विहीर नाल्याकाठी, वावर टेकडीकडे. मधल्या शेजाऱ्यानं तोंडी सांगितलं, "टाक पाइपलाइन माझ्या धुऱ्यानं, काही हरकत नाही." पहिल्यानं जेसीबी लावून चर खोदला, दोन-अडीचशे मीटर पाइप गाडला, सत्तर-ऐंशी हजार घातले, ओलित सुरू झालं. चार वर्षांनी बैल एकमेकांच्या पिकात शिरण्यावरून भांडण झालं आणि शेजारी म्हणतो, "काढ तुझा पाइप, कुठं लिहून दिलं?"

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० इथं कामी येतं. दुसऱ्याच्या जमिनीत काही करायची परवानगी, ज्याला वकील लायसन्स म्हणतात, ती देणारा कधीही काढून घेऊ शकतो. पण त्या परवानगीवर विसंबून घेणाऱ्यानं पक्कं, कायमचं काम केलं असेल आणि त्यासाठी खर्च केला असेल, तर ती परवानगी मनाला वाटेल तेव्हा रद्द करता येत नाही. परवानगी तोंडी असली तरी चालते. भांडण होतं ते तीन गोष्टींवर : परवानगी होती का, काम पक्कं आहे का, आणि खर्च परवानगीनंतर केला का. जमिनीत गाडलेली लाइन पक्की धरायला जागा आहे. वरून टाकलेला गुंडाळायचा पाइप पक्का नाही. खर्चाचं बिल परवानगीच्या आधीच्या तारखेचं निघालं तर मुद्दाच ढासळतो.

यात एक मर्यादा आहे. धुऱ्याची जमीन पाइपवाल्याच्या मालकीची होत नाही, सातबाऱ्यावर काही चढत नाही. त्याला फक्त पाइप ठेवता येतो. भावानं "या तुकड्यात घर बांध, पुढं नावावर करून देईन" म्हटलं आणि घर उभं राहिलं, तर घर पाडून हाकलणं सोपं राहत नाही, पण जमीन नावावर करायला रजिस्ट्री लागतेच. तोंडी शब्दावर सातबारा बदलेल असा सल्ला कोणी देत असेल तर त्यापासून दूर राहिलेलं बरं.

दुसरी मर्यादा कायद्याची. कायद्यानंच मनाई केलेली गोष्ट कोणी देतो म्हटलं तर तो शब्द कोणालाच बांधत नाही. सरपंचानं ग्रामसभेत सांगितलं की गायरानातली ही जागा तुमची, बांधा घरं, आणि लोकांनी कर्ज काढून भिंती उभ्या केल्या, तरी सरपंचाला तो अधिकारच नव्हता. जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. अशा वेळी 'आम्ही विश्वास ठेवला' हे म्हणणं कितीही खरं असलं तरी उपयोगी पडत नाही. तसंच, मोठं सार्वजनिक हित मधे आलं तर सरकार आपला शब्द मागे घेऊ शकतं. पण ते हित काय हे सरकारला कोर्टापुढं दाखवावं लागतं, नुसतं धोरण बदललं म्हणून भागत नाही.

कानपूरच्या कंपनीनं केलं ते कास्तकारालाही करता येतं. कोणत्याही योजनेची घोषणा ऐकून विहीर, शेडनेट, गोठा यात पैसा घालण्याआधी संबंधित कार्यालयाला साधा अर्ज द्यायचा : अमुक घोषणेप्रमाणे अमुक अनुदान मिळेल या भरवशावर मी अमुक काम सुरू करत आहे, ते मिळेल का ते लेखी कळवावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. उत्तर आलं तर ते वचन झालं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारायचं. शेजाऱ्याच्या बाबतीत चर खोदण्याआधी चार ओळी लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्यापासून तुझ्या धुऱ्यानं लाइन टाकतो आहे, ठीक ना" असं विचारून "हो" मिळवलं आणि तो मेसेज जपून ठेवला, तर परवानगी होती का हा पहिलाच वाद अर्धा मिटतो.

शेजाऱ्याशी असलेला असा दावा पुसदच्या दिवाणी कोर्टात चालतो. सरकारविरुद्ध वचनाचा मुद्दा घ्यायचा असेल तर रिट याचिका मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात करावी लागते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करता येतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, उत्पन्नाच्या निकषावर मदत मागणाऱ्यांना उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो.